कथेसोबतचा आणखी एक कागद

कथास्पर्धेचे नियम म्हटले की शब्दमर्यादा, अंतिम तारीख आणि 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' एवढंच आपल्याला आठवतं. आमच्याकडच्या साहित्य मंडळाच्या कार्यवाह बाईंनी यंदा दिवाळी कथास्पर्धेचे नियम समजावून सांगायला चांगला पाऊण तास घेतला. वाचनालयाच्या माडीवर निवृत्त शिक्षक होते, कॉलेजची मुलं होती, दरवर्षी हटकून कथा पाठवणाऱ्या काही बायका होत्या. 'चॅटजीपीटी चालेल का?' एवढंच बहुतेकांना विचारायचं होतं. बाईंनी हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. त्यांनी आधी स्वतंत्र लेखन म्हणजे काय, तिथून सुरुवात केली, आणि ते बरं झालं.

कल्पनेवर कुणाची मालकी नसते, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच म्हटलं होतं. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्यावरून उचलला, अशी त्यांची तक्रार होती. प्रांताप्रांतांमधला दुरावा हा विषय दोन्हीकडे होता. पण विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, असं म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. तेव्हा सासू-सुनेची, दुष्काळाची किंवा परदेशी गेलेल्या मुलाची गोष्ट आधी शंभर जणांनी लिहिली असली तरी एकशे एकावी स्वतंत्र असू शकते. प्रसंग कसे रचले आणि वाक्यं कुणाची, यावर सगळं ठरतं.

"आणि दुसऱ्याचं घेतलं तर सांगायची आपली रीत जुनीच आहे," बाई म्हणाल्या. पु. ल. देशपांडे यांचं 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आलं, 'अंमलदार' गोगोलच्या नाटकावरून आलं, हे लपवलेलं नाही. त्यामुळे त्यांचं मोल कमी झालं नाही. उलट रूपांतरकाराने मराठी मातीत काय रुजवलं, ते प्रेक्षकाला नीट जोखता आलं. साधनांचा खुलासा मागण्यामागे हाच विचार आहे, असं त्यांचं म्हणणं. मला हा दुवा पटला, कारण त्यामुळे खुलासा हा गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटेनासा होतो.

मग आली मुख्य गोष्ट. मंडळाने रेघ कुठे ओढली? साधनाने कथेच्या वाक्यांना हात लावला का, एवढाच प्रश्न त्यांनी ठेवला आहे. मोबाइलवर बोलून टंकलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतले, शब्दकोश पाहिला, तर काही सांगायची गरज नाही. साधनाला कथानक सुचवायला सांगितलं, शेवट कसा करावा विचारलं किंवा त्याच्याकडून परिच्छेद सुधारून घेतला, तर सांगायचं. आणि कथेचा मजकूरच साधनाने लिहिला असेल तर ती कथा या स्पर्धेत बसत नाही. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून यंत्राकडून मराठी करून घेतलेली कथाही नाही, कारण परीक्षक जी वाक्यं वाचणार ती लेखकाची नसतात.

'सुधारून घेणं' हा शब्द किती निसरडा आहे, ते दाखवायला बाईंनी एक नमुना फळ्यावर लिहिला. ऊसतोडीला गेलेल्या बापाची वाट पाहणाऱ्या मुलाची कथा आहे असं समजा. लेखकाचा कच्चा खर्डा असा: 'आजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाली, तुजा बा आज यायचा न्हाई.' लेखक हे साधनाला देतो आणि म्हणतो, भाषा जरा छान कर. समोर येतं: 'आजीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर वेदनेची छटा उमटली. जड अंतःकरणाने ती म्हणाली, बाळा, तुझे बाबा आज येणार नाहीत.'

व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण लाकूड मागं ओढणं गेलं. बाप येणार नाही म्हणजे जेवण वाढवायचं नाही, म्हणून आजीने जाळ कमी केला, हे त्या एका कृतीत होतं. आता तिथे वेदनेची छटा आली. 'बा'चे 'बाबा' झाले आणि आजी एकदम शहरात राहायला आली. हे शुद्धलेखन नव्हे, पुनर्लेखन झालं. त्या लेखकाने खुलाशात लिहायचं ते असं: 'दुसऱ्या पानावरचा आजीचा संवाद अमुक साधनाकडून बदलून घेतला.' किंवा मूळ ओळी परत घालायच्या आणि काहीच लिहायचं नाही. बाईंनी दुसरा पर्याय सुचवला. मीही तोच सुचवला असता.

खुलासा नेमका असावा, यावर त्यांचा भर होता. 'एआयची थोडी मदत घेतली' या वाक्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. जपानी लेखिका रिए कुदान यांना जानेवारी 2024 मध्ये अकुतागावा पुरस्कार मिळाला, तेव्हा कादंबरीतला सुमारे पाच टक्के मजकूर चॅटजीपीटीचा आहे, असं त्या म्हणाल्या आणि गहजब झाला. पुढे त्यांनी स्पष्ट केलं की कादंबरीत एक यंत्र प्रश्नांना उत्तरं देतं, त्या उत्तरांपुरताच तो मजकूर आहे. टक्का ऐकून लोक बिथरले होते; कोणता भाग ते कळल्यावर चर्चेचा रोखच बदलला. म्हणून मंडळाच्या कागदावर टक्केवारीचा रकाना नाही. साधन कोणतं, कोणत्या पानावर, कशासाठी, एवढंच विचारलं आहे.

"आणि खोटं बोलणारा कसा पकडणार?" मागून एका शिक्षकांनी विचारलं. मजकूर यंत्राचा की माणसाचा हे सांगणारी साधनं मिळतात, ती का वापरत नाही, असा त्यांचा रोख होता.

बाईंनी हिशेबच मांडला. ओपनएआय या कंपनीने जानेवारी 2023 मध्ये असं एक साधन आणलं. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्राचा मजकूर शंभरात 26 वेळा ओळखायचं आणि माणसाच्या शंभरातल्या 9 मजकुरांवर यंत्राचा शिक्का मारायचं. इंग्रजीखेरीज इतर भाषांत ते आणखी कच्चं आहे, हेही कंपनीने सांगितलं होतं. जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून ते मागे घेतलं. पुढची साधनं सुधारली असतील, पण याच मापाने पाहिलं तर 120 प्रामाणिक कथांतल्या दहा-अकरा जणांवर आळ येतो आणि यंत्राच्या चार कथांतल्या तीन निसटतात. "दहा जणांची क्षमा मागायला मी कुठं कुठं फिरू, सर?" बाईंनी विचारलं. माडीवर हशा पिकला.

त्याऐवजी मंडळ खर्डे मागणार आहे, तेही सगळ्यांकडून नाही. अंतिम फेरीतल्या कथांच्या लेखकांनी वहीतली पानं किंवा फाइलच्या आधीच्या प्रती दाखवायच्या आणि परीक्षकांशी वीस मिनिटं बोलायचं. हे पात्र आधी कुठे होतं, हा प्रसंग का काढला, असे साधे प्रश्न. यालाही मर्यादा आहे. एकटाकी लिहिणाऱ्याकडे खर्डे नसतात आणि बुजरा लेखक बोलताना अडखळतो. म्हणून केवळ खर्डा नाही या कारणाने कुणाला बाद करायचं नाही, असंही नियमात घातलं आहे. लपवलेला वापर सिद्ध झाला तर बक्षीस परत घेऊन पुढच्या क्रमांकाला द्यायचं, मात्र त्याआधी लेखकाचं म्हणणं ऐकायचं.

खुलाशाचा कागद कथेला टाचायचा नाही, वेगळ्या पाकिटात द्यायचा. तो कार्यवाहांकडे राहील आणि गुण देऊन झाल्यावरच परीक्षकांपुढे उघडला जाईल, नाहीतर खरं सांगणाऱ्याचेच गुण कापले जातील ही भीती. एका आजींना वेगळीच शंका होती: कथा त्या सांगतात, लिहून सून काढते, आणि अधूनमधून वाक्यही दुरुस्त करते. बाई म्हणाल्या, "लिहून काढलं तर काही नाही, आजी. वाक्यं बदलली असतील तर सूनबाईंचं नाव कागदावर घाला, आणि कुठली बदलली तेही."