मळीचा भाव कोण ठरवतो?

साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर दाट काळा पाक उरतो, ती मळी. तिच्यापासून अल्कोहोल बनवणारी डिस्टिलरी बहुधा त्याच आवारात असते. मळी पाइपातून पलीकडे जाते, पैसे कोणीच कोणाला देत नाही. हिशेबाच्या वहीत मात्र साखर विभागाने ती ‘विकलेली’ आणि डिस्टिलरीने ‘घेतलेली’ असते. त्या व्यवहाराचा भाव कारखानाच ठरवतो.

एक कल्पित कारखाना घेऊ. हंगामात १०,००० टन मळी निघाली. मळीचे पैसे धरण्याआधी साखर विभाग ८ कोटींनी तोट्यात आहे. डिस्टिलरीची विक्री १४ कोटींची आणि मळी सोडून तिचा खर्च ४ कोटींचा. टनाला ६,००० रुपये भाव लावला, तर साखर विभागाला ६ कोटी मिळतात. त्याचा तोटा २ कोटींवर येतो आणि डिस्टिलरी ४ कोटी नफा दाखवते. भाव ९,००० केला की दोघांचाही नफा एकेक कोटी. कारखान्याचा एकूण नफा दोन्ही वेळा २ कोटीच. काम तेच, माणसं तीच, पण पहिल्या हिशेबात साखर विभागाचा प्रमुख नालायक ठरतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

खरं नुकसान पुढच्या निर्णयात होतं. समजा बाहेरचा गिऱ्हाईक टनाला १०,५०० द्यायला तयार आहे. डिस्टिलरी मळीतून टनामागे फक्त १०,००० मिळवते, म्हणजे मळी विकून टाकली तर कारखान्याला ५० लाख जास्त मिळतील. पण ६,००० च्या भावावर डिस्टिलरीला प्रत्येक टनात ४,००० सुटताना दिसतात आणि तिचा प्रमुख विस्तारासाठी कर्ज मागतो. डिस्टिलरी थांबली तरी पगार-व्याज चालूच राहणार असेल, तर तेवढा खर्च या तुलनेतून वगळायला हवा. तेव्हा उत्तर उलटूही शकतं.

मळीचा ‘खरा खर्च’ काढून वाद मिटत नाही. साखर आणि मळी एकाच उसातून निघतात, उसाच्या बिलातला मळीचा वाटा कोणालाही नेमका सांगता येत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: ही मळी पलीकडे दिल्यामुळे साखर विभागाची कोणती कमाई हुकली? बाहेर गिऱ्हाईक असेल तर त्याचा भाव, वाहतूक वजा करून. साखर कमी काढून जास्त गोड ‘बी-हेवी’ मळी दिली असेल, तर सोडलेल्या साखरेचे पैसेही त्यात धरावे लागतात.

या भावाची झळ उसाच्या फडापर्यंत पोहोचते. २०१२ च्या रंगराजन समितीच्या सूत्रात साखर आणि मळी, बगॅससारख्या उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा आहे. डिस्टिलरीतलं अल्कोहोल त्यात येत नाही. सूत्राची रक्कम एफआरपीच्या वर जात असेल, तर मळी ९,००० ऐवजी ६,००० ला धरल्याने आपल्या कारखान्याच्या ऊसउत्पादकांचे २ कोटी १० लाख रुपये कमी होतात.