गर्दीचा तक्ता: रंग कुठे बदलायचा, वार कुठून मांडायचे

दुकानदाराला विचारा, "गर्दी कधी असते?" उत्तर ठरलेलं असतं: "संध्याकाळी. आणि शनिवार-रविवारी." त्यात खोटं काही नाही, पण तेवढ्यावर कामाच्या पाळ्या लावता येत नाहीत. शुक्रवारची संध्याकाळ शनिवारसारखी की गुरुवारसारखी? रविवारी सकाळी जास्तीचा माणूस आठला बोलवायचा की दहाला? अशा प्रश्नांसाठी एक साधा तक्ता पुरतो. उभ्या बाजूला वार, आडव्या बाजूला तास आणि प्रत्येक चौकोनात त्या वेळच्या गर्दीनुसार रंग. यालाच हीटमॅप म्हणतात.

कल्पना जुनी आहे. तूसां लुआ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने 1873 साली पॅरिसच्या लोकसंख्येवरच्या अ‍ॅटलासमध्ये शहराच्या 20 विभागांची माहिती अशाच रंगवलेल्या चौकोनांत मांडली होती. आज हे काम एक्सेल काही क्षणांत करतं. मात्र रंगांची पट्टी आणि ओळींचा क्रम ते स्वतःच्या मनाने ठरवतं, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींमुळे तक्ता उपयोगी तरी ठरतो, नाहीतर फसवा.

उदाहरणासाठी उपनगरातलं एक मिठाई-फरसाणाचं दुकान घेऊ. सकाळी 8 ते 1, संध्याकाळी 4 ते 9, सोमवारी बंद. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, घोटाळे मात्र सगळीकडे होणारे आहेत.

दारावर माणसं मोजणारं यंत्र नसेल तर हाताशी असतात ती बिलं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून बारा आठवड्यांची यादी काढायची. बिल क्रमांक, तारीख आणि वेळ एवढंच पुरे. तारीख A रकान्यात आणि वेळ B मध्ये असेल तर शेजारी दोन सूत्रं लिहायची:

```
=WEEKDAY(A2,2)
=HOUR(B2)
```

पहिलं सूत्र सोमवारला 1 आणि रविवारला 7 देतं. दुसरं तास देतं, म्हणजे 6:00 ते 6:59 पर्यंतची संध्याकाळची सगळी बिलं 18 च्या खात्यात जातात. मग पिव्होट टेबलमध्ये वार उभे, तास आडवे आणि आत बिलांची संख्या. शेवटी प्रत्येक ओळीला त्या काळात तो वार किती वेळा आला त्या संख्येने भागायचं. बारापैकी एका गुरुवारी दुकान बंद होतं, तर गुरुवारला 11 ने.

रंग भरण्याआधी तक्त्यावर एक नजर टाकावी. सकाळी 6 च्या रकान्यात बिलं दिसत असतील, आणि दुकान तर आठला उघडतं, तर यादी काढताना सकाळ-संध्याकाळचा फरक गळला आहे आणि संध्याकाळची साडेसहाची बिलं सकाळच्या साडेसहात पडली आहेत. रात्री नऊच्या सुमाराचा रकाना सगळ्या वारी सारखाच भरलेला असेल, तर ती गिऱ्हाइकांची गर्दी नव्हे. दिवसभराच्या फोनवरच्या ऑर्डरी कुणीतरी शटर ओढण्यापूर्वी एकगठ्ठा चढवतो आहे. शिवाय बिल म्हणजे माणूस नव्हे. चौघांच्या कुटुंबाचं बिल एकच होतं, आणि रांग बघून परत गेलेल्याचं तर होतच नाही. म्हणून सर्वांत गर्दीच्या तासाला हा तक्ता खरी गर्दी थोडी कमीच दाखवतो.

आता रंग. एक्सेलमध्ये 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मधली रंगपट्ट्यांची यादी उघडली की पहिलीच पट्टी हिरवा, पिवळा, लाल अशी असते. त्यात सर्वांत मोठा आकडा हिरवा आणि सर्वांत लहान लाल होतो. गर्दीच्या तक्त्यात लाल म्हटलं की आपल्याला तोबा गर्दी वाटते, इथे मात्र लाल चौकोन म्हणजे माशा मारण्याची वेळ. पट्टी उलटी केली तरी दुसरी अडचण उरतेच. तिन्हींत उजळ रंग पिवळा, आणि तो मधोमध. त्यामुळे तक्ता काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापला की सर्वांत रिकामा तास आणि सर्वांत भरलेला तास दोन्ही राखाडी दिसतात. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांची पंचाईत छापील तक्त्याची वाट न पाहताच होते.

गर्दी शून्यापासून वाढत जाणारी गोष्ट आहे, तर रंगही फिक्याकडून गडदाकडे एकाच दिशेने जावा. फिका पिवळट ते गडद तपकिरी किंवा पांढरा ते गडद निळा, काहीही चालेल. दोन टोकांना दोन वेगळे रंग आणि मध्ये पांढरा अशी पट्टी तेव्हाच लावावी, जेव्हा मधल्या आकड्याला काही अर्थ असतो. उदाहरणार्थ, गेल्या वर्षीपेक्षा गर्दी वाढली की घटली हे दाखवायचं असेल तेव्हा.

एक रंग राखून ठेवायचा तो बंद तासांसाठी. दुपारी 1 ते 4 आणि अख्खा सोमवार करडा करावा. दुकान उघडं असून कुणी न येणं आणि दुकानच बंद असणं, दोन्ही पांढरं दिसलं तर महिन्याभराने कुणीतरी "दुपारी गिऱ्हाईकच नसतं" असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

पण खरा प्रश्न रंग कुठे बदलावा हा आहे. एक्सेलवर सोडलं तर ते सर्वांत मोठ्या आकड्याला सर्वांत गडद करतं. बारा आठवड्यांत दिवाळी आली आणि एका तासाची सरासरी 150 वर गेली, तर बाकीचा सगळा तक्ता फिक्कट पडतो. रविवार सकाळ आणि बुधवार सकाळ यांतला फरकसुद्धा दिसेनासा होतो. सणाचे आठवडे बाजूला काढून त्यांचा वेगळा तक्ता करावा. आणखी एक सापळा म्हणजे रंगाचा नियम प्रत्येक ओळीला वेगवेगळा लावणं. मग मंगळवारचा 20 चा चौकोन आणि रविवारचा 54 चा चौकोन सारखेच गडद होतात, कारण आपापल्या ओळीत दोघेही मोठे. त्या-त्या दिवसातला सर्वांत व्यग्र तास कोणता, एवढंच पाहायचं असेल तर ते ठीक. माणसं किती बोलवायची यासाठी सगळ्या तक्त्याला एकच पट्टी हवी.

आणि ती पट्टी कामाच्या हिशेबावर बेतावी. या दुकानात वजन करणं, बांधून देणं, बिल आणि पैसे, यांत एका गिऱ्हाइकाला सरासरी तीन मिनिटं लागतात. म्हणजे एक माणूस तासाला जास्तीत जास्त 20 गिऱ्हाइकं करू शकतो. पण गिऱ्हाइकं दर तीन मिनिटांनी शिस्तीत एकेक करून येत नाहीत. पाच मिनिटं कुणी नाही, मग एकदम सहा जण. तासाला 20 ची सरासरी असेल तर एकट्याच्या पुढची रांग वाढतच जाईल. म्हणून माणशी 15 धरू. मग पट्ट्या आपोआप ठरतात: 15 पर्यंत सर्वांत फिका, 15 ते 30 त्याहून गडद, 30 ते 45 आणखी गडद, 45 च्या वर सर्वांत गडद. चार छटा म्हणजे काउंटरवर एक, दोन, तीन आणि चार माणसं. रविवारी 10 ते 11 ची सरासरी 54 आहे, जिलबी-कचोरीची वेळ. तो चौकोन चौथ्या छटेचा आणि आधीचा 9 ते 10 चा तास 28 म्हणून दुसऱ्या छटेचा. जास्तीच्या माणसांना दहाला बोलवायचं, आठला नव्हे, हे आता आकडे न वाचताही कळतं.

वारांचा क्रम बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तो बिघडला की रंग बरोबर असूनही चित्र लागत नाही. वारांची नावं मजकूर म्हणून मराठीत लिहून अकारविल्हे लावली तर क्रम होतो गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार. आपल्या दुकानात गुरुवारपासून रविवारपर्यंत संध्याकाळ पायरीपायरीने भरत जाते. या क्रमात गुरुवार सर्वांत वर, शुक्रवार तळाशी, आणि मधली चढण हरवली. रविवारपासून सुरुवात केली तर दोन गडद ओळी तक्त्याच्या दोन टोकांना जातात, मधला भाग फिका राहतो. सोमवारपासून मांडलं की शनिवार-रविवार एकत्र येतात. म्हणूनच वरच्या सूत्रात तो 2 आहे.

सोमवारची ओळ करडी असली तरी काढून टाकू नये. मंगळवारची सकाळ बुधवारपेक्षा थोडी गडद दिसते, त्याचं कारण वरच्या बंद ओळीत आहे. आदल्या दिवशीची अडलेली खरेदी मंगळवारी येते. ओळी गर्दीच्या उतरत्या क्रमाने लावायची पद्धतही आहे. जाक बर्तां या फ्रेंच नकाशाकाराने 1967 मध्ये आलेल्या ग्रंथात तक्त्याच्या ओळी हलवून सारख्या ओळी शेजारी आणण्याचा आग्रह धरला होता. दहा शाखांची तुलना असेल तर तसंच करावं, कारण शाखांना आपला असा क्रम नसतो. वारांना तो असतो, आणि आजची गर्दी कालच्या दिवसावर अवलंबून असते.

एवढं करूनही या तक्त्याला न दिसणारी एक गोष्ट आपल्याकडे हमखास असते. आपल्या खरेदीचा मोठा भाग वारावर नाही, तिथीवर चालतो. संकष्टी आणि एकादशी दर वेळी वेगळ्या वारी येतात, त्यामुळे त्यांची गर्दी साऱ्या ओळींत थोडीथोडी सांडते. समजा मंगळवारी 6 ते 7 या तासात अकरा वेळा साधारण 12 बिलं झाली, आणि एक मंगळवार अंगारकीचा निघाला, तेव्हा 108. सरासरी येते 20, म्हणजे चौकोन दुसऱ्या छटेचा आणि काउंटरवर दोन माणसं. प्रत्यक्षात अकरा मंगळवारी दुसरा माणूस बसून राहील आणि अंगारकीला दोघेही कमी पडतील. इथे सरासरीऐवजी मधला आकडा घ्यावा, म्हणजे बारा मंगळवार चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा. तो 12 आहे, एका माणसाचा.

मधला आकडा आणि सरासरी असे दोन तक्ते शेजारी ठेवले तर ज्या चौकोनाची छटा दोन्हींत वेगळी, तिथे वारापलीकडचं काहीतरी चालू आहे असं समजावं आणि त्या तारखा पंचांगाशी ताडून पाहाव्यात. रोजची पाळी तक्त्यावरून लावायची. संकष्टीची आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्याची माणसं तारखा पाहून वेगळी सांगायची.