ऑगस्टमधला तो खड्डा खरा नव्हता

ताई दोन वर्षांपासून मनगटावर फिटनेसचं घड्याळ बांधते. गेल्या वेळी डॉक्टरांकडे तपासणीला जाण्याआधी तिने २०२४ सालभराची विश्रांतीतली नाडी ॲपमधून उतरवून घेतली, एक्सेलमध्ये उघडली, महिन्यामहिन्याची सरासरी काढली आणि मला फोन केला. "ऑगस्टात माझी नाडी बावन्नवर आली बघ. बाकीचे महिने बासष्ट-त्रेसष्ट. संध्याकाळच्या चालण्याचा गुण आला म्हणायचा!"

मी तिला फाइल पाठवायला सांगितलं. ऑगस्टच्या ३१ ओळींपैकी २६ ओळींत ६० ते ६६ च्या दरम्यानचे आकडे होते आणि पाच ओळींत शून्य. त्या पाच दिवसांत ती केरळात होती आणि चार्जर पुण्याच्या घरी राहिला होता. २६ दिवसांची खरी सरासरी ६३. त्यात पाच शून्यं मिळवून ३१ ने भागलं की उत्तर येतं ५२.८. ताईच्या हृदयात त्या महिन्यात काहीही बदललं नव्हतं.

गैरसमज : शून्य काय आणि रिकामी चौकट काय, दोन्हींचा अर्थ "नोंद नाही"

माणसाला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो, स्प्रेडशीटला वाटत नाही. `AVERAGE` रिकाम्या चौकटी सोडून देतं, शून्य मात्र खरी नोंद समजून मोजतं. घड्याळ न घातलेल्या दिवशी काही ॲप शून्य लिहितात, काही चौकट रिकामी ठेवतात आणि काही ती ओळच गाळतात. ताईच्या फाइलमध्ये तिन्ही नाही, पण दोन प्रकार होते. २०२४ हे लीप वर्ष, म्हणजे ३६६ दिवस. फाइलमध्ये ओळी होत्या ३३१. त्यांपैकी नऊ ओळींत शून्य, आणि ३५ दिवसांची ओळच नव्हती.

गाळलेली ओळ शून्यापेक्षा जास्त फसवते, कारण ती दिसतच नाही. म्हणून मी सगळ्यात आधी नवं पान घेतलं आणि `A` स्तंभात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशा सगळ्या ३६६ तारखा ओढून भरल्या. मूळ फाइल `raw` नावाच्या पानावर तशीच ठेवली, तिला हात लावला नाही. तिच्यातली नाडी `B` मध्ये आणि घड्याळाने मोजलेली पावलं `C` मध्ये तारखेनुसार ओढून घेतली.

```
B2: =IFERROR(VLOOKUP(A2,raw!A:C,2,FALSE),"")
C2: =IFERROR(VLOOKUP(A2,raw!A:C,3,FALSE),"")
D2: =IF(OR(N(B2)=0,N(C2)=0),"",B2)
```

`D` हा पहिल्या चाळणीतून गेलेला स्तंभ. नाडी शून्य असेल किंवा त्या दिवशी घड्याळाने एकही पाऊल मोजलं नसेल, तर तिथे काही लिहायचं नाही.

हे करताना `B` स्तंभ अर्ध्याहून जास्त रिकामा आला, तर घाबरू नये. दोष बहुधा तारखांचा असतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०३ म्हणजे ५ मार्च हा ३ मे होऊन बसतो. १३/०३ मात्र तेरावा महिना नसल्यामुळे तारीख न होता नुसता मजकूर राहतो. खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. मूळ पानावर काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर फाइल पुन्हा आयात करून तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगावा. एकेक तारीख हाताने दुरुस्त करत बसू नये, कारण उजवीकडे टेकलेल्यांतही दिवस-महिना उलटलेले असतात.

गैरसमज : रेघ सपाट दिसली की घड्याळ बिघडलं

विश्रांतीतली नाडी हा एका क्षणाचा ठोका नव्हे. दिवसभराच्या आणि झोपेतल्या नोंदींवरून ॲपने काढलेला तो अंदाज असतो, पूर्णांकात लिहिलेला आणि मुळातच सावकाश बदलणारा. त्यामुळे ६१, ६१, ६१, ६२ असे लागोपाठ तेच आकडे निरोगी माणसाचेही येतात. मिनिटामिनिटाच्या नोंदीत तासभर एकच आकडा दिसला तर शंका घ्यावी, दिवसांच्या नोंदीत तीन-चार दिवसांवरून घेऊ नये.

ताईच्या मे महिन्यात मात्र २ तारखेपासून १२ तारखेपर्यंत अकरा दिवस ६१ होते. एकच आकडा लागोपाठ किती दिवस आला, हे मोजायला बाजूच्या स्तंभात पहिल्या ओळीत १ लिहून खाली एवढं पुरतं :

```
H3: =IF(B3=B2,H2+1,1)
```

निकाल मात्र या मोजणीवर लावला नाही. तो पावलांवर लावला. त्या अकराही दिवसांत पावलं शून्य होती. घड्याळाचा पट्टा तुटून ते कपाटात पडलं होतं आणि ॲप शेवटचा माहीत असलेला आकडा रोज पुढे ढकलत होतं. `D` च्या सूत्राने हे दिवस आपोआप गाळले होते. पावलं मात्र घड्याळाचीच हवीत. फोनने मोजलेली पावलं त्यात मिसळलेली असतील तर ही खूण निकामी होते, मग झोपेची नोंद आहे का ते पाहावं.

गैरसमज : सरासरीपासून फार दूरचे आकडे म्हणजे चुका, ते उडवून टाकावेत

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या समजाची. ताईने स्वतःच एक नियम लावून पाहिला होता : वर्षाची सरासरी ६२, तिच्यापासून दहापेक्षा जास्त दूर असेल ते खोडायचं. दिसायला नियम शहाणा आहे. पण ऑक्टोबरमधले तिचे आकडे असे होते : ६२, ६३, ७१, ७८, ७६, ७३, ७०, ६६, ६३. नियमाने ७८, ७६ आणि ७३ खोडले. त्या आठवड्यात ताईला डेंग्यू झाला होता. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, हे डॉक्टरांचं जुनं ठोकताळ्याचं गणित आहे. म्हणजे वर्षभराच्या नोंदीतले सगळ्यात खरे आणि डॉक्टरांच्या सगळ्यात उपयोगाचे तीन दिवस "स्वच्छ" करण्याच्या नादात नाहीसे झाले होते.

२०२० साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात अमेरिकेतल्या ९२,४५७ प्रौढांच्या घड्याळांतल्या नोंदींचा अभ्यास आला होता. त्यात सुमारे २० टक्के लोकांच्या नाडीत निदान एका आठवड्यात दहा किंवा त्याहून जास्त ठोक्यांचा फरक पडलेला दिसला. मोठी उसळी ही एवढी सामान्य गोष्ट आहे.

मग खोटी उसळी ओळखायची कशी? तिच्या शेजाऱ्यांवरून. ताप चढायला आणि उतरायला दिवस लागतात, त्यामुळे आलेखात टेकडी उठते. मोजणीची चूक बहुधा एकाच दिवसाची असते आणि खिळ्यासारखी एकटी उभी राहते. फेब्रुवारीत ताईचे सात दिवस असे होते : ६१, ६२, ६०, ८४, ६२, ६१, ६३. शाळेत शिकलेला मध्यक इथे कामाला येतो. सातही आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला येतो ६२. ८४ च्या जागी १८४ असता तरी मध्यक ६२ च राहिला असता. सरासरी मात्र त्या एका आकड्याने ६२ वरून ६५ च्या जवळ गेली आहे. म्हणून तुलना सालभराच्या सरासरीशी न करता आजूबाजूच्या सात दिवसांच्या मध्यकाशी करावी. आधीचे तीन, नंतरचे तीन आणि तो दिवस.

```
E5: =IF(COUNT(D2:D8)>=4,MEDIAN(D2:D8),NA())
F5: =IF(ISNUMBER(D5)*ISNUMBER(E5),IF(ABS(D5-E5)>10,"तपासा",""),"")
```

८४ चा मध्यकापासूनचा फरक २२ आला आणि समोर "तपासा" उमटलं. डेंग्यूतल्या ७८ भोवतीचा मध्यक मात्र ७१ होता, कारण शेजारचे दिवसही चढलेले होते. फरक सातच आला आणि ती टेकडी जशीच्या तशी राहिली. सातांपैकी निदान चार दिवस भरलेले नसतील तर सूत्र मध्यक काढतच नाही, आणि तसंच असावं.

सूत्र "तपासा" म्हणतं, "खोडा" म्हणत नाही. वर्षभरात ही खूण चार ठिकाणी आली. ८४ च्या दिवशी ताईने घड्याळ फक्त सिंहगड चढताना बांधलं होतं आणि उतरल्यावर काढून ठेवलं होतं. ॲपजवळ विश्रांतीचे क्षणच नव्हते, तरी त्याने अंदाज बांधला. आणखी दोन दिवशी पट्टा सैल होता. ही घड्याळं त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लहर मोजतात, आणि सैल पट्ट्यात ती हाताच्या हेलकाव्यालाच ठोका समजू शकतात. हे तिन्ही दिवस मी `D` मध्ये हाताने रिकामे केले. चौथा दिवस ७५ चा, आदल्या रात्री भाचीच्या लग्नात जागरण झालेलं. तो ठेवला.

३३१ ओळींतून नऊ शून्यं, अकरा सपाट दिवस आणि तीन खोट्या उसळ्या गेल्यावर उरले ३०८ दिवस. वर्षाचे ५८ दिवस कोरे.

गैरसमज : कोऱ्या जागा भरल्या की आलेख पूर्ण होतो

त्या ५८ दिवसांत आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरासरी घालावी असं ताईचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. एखाद-दुसऱ्या दिवसाची फट मध्यकाची रेघ तशीच ओलांडते. अकरा दिवसांच्या फटीत आपण भरलेले आकडे कुणाच्याच नाडीचे नसतात, आणि आलेख पाहणाऱ्याला ते खऱ्या आकड्यांपासून वेगळे ओळखता येत नाहीत.

एक्सेलमध्ये कोरी जागा कोरी ठेवायलाही थोडं लक्ष द्यावं लागतं. सूत्राने आलेली `""` ही चौकट डोळ्यांना रिकामी दिसते, पण आलेख तिला मजकूर समजून शून्यावर ठिपका काढतो आणि ऑगस्टचा खड्डा मागच्या दाराने परत येतो. म्हणून आलेखासाठी वेगळा स्तंभ घ्यावा :

```
G5: =IF(D5="",NA(),D5)
```

`G` मधले रोजचे आकडे फिकट ठिपक्यांनी आणि `E` मधला मध्यक गडद रेघेने काढला. रेघ फटीवरून सरळ पलीकडे जोडली जात असेल, तर आलेखाच्या 'Hidden and Empty Cells' या सेटिंगमध्ये 'Gaps' निवडून `#N/A` रिकामं धरण्याच्या पर्यायावर खूण करावी. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला तर ६० आणि ६५ मधला फरक दिसतच नाही, म्हणून तो ५० ते ८५ ठेवला.

वर्षाच्या मध्येच घड्याळ बदललं असेल तर दोन्हींची रेघ एक करू नये. विश्रांतीतली नाडी काढण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि नव्या घड्याळाने तीन ठोके कमी दाखवले तर ते हृदयाचं काम असेलच असं नाही. वेगळा रंग द्यावा.

ताईच्या आलेखात आता ऑगस्ट ६३ वर आहे, मेमध्ये रेघ तुटलेली आहे आणि ऑक्टोबरात टेकडी आहे. शेवटी एक स्तंभ तिने स्वतःच्या हाताने भरला : "चार्जर घरी राहिला", "पट्टा तुटला", "सिंहगड", "डेंग्यू". डॉक्टरांनी आलेखाआधी तोच स्तंभ वाचला आणि ऑक्टोबरच्या टेकडीवर बोट ठेवून विचारलं, ताप उतरल्यावर नाडी पूर्वीच्या जागी यायला किती दिवस लागले? ताईने ठिपके मोजले. ७८ पासून ६३ पर्यंत पाच दिवस.