गोपनीयतेची सूचना स्पॅनिशमध्ये नेताना

2021 साली नेदरलँड्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं टिकटॉकला साडेसात लाख युरोंचा दंड केला. अ‍ॅप वापरणाऱ्यांत डच मुलं होती, त्यातली कितीतरी अगदी लहान, आणि गोपनीयतेची सूचना मात्र फक्त इंग्रजीत होती. आपली माहिती कशी गोळा होते आणि तिचं पुढं काय होतं, हे त्या मुलांना कळेल असं सांगितलेलंच नव्हतं, असं प्राधिकरणाचं म्हणणं पडलं.

युरोपचा डेटा संरक्षण कायदा, म्हणजे जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू आहे. माणसाला द्यायची माहिती थोडक्यात, पारदर्शक आणि स्पष्ट, सोप्या भाषेत असली पाहिजे, असं त्याचं बारावं कलम सांगतं. या कलमाच्या अर्थासाठी नियामकांनी मार्गदर्शिका काढली, तीत भाषांतराचाही उल्लेख आहे. कंपनी ज्या भाषकांना ग्राहक म्हणून गाठते, त्यांच्या भाषेत सूचना हवी, ती अचूक हवी आणि वाचणाऱ्याला तिची उकल करत बसावं लागू नये. म्हणजे सोपेपणा हीसुद्धा कायद्याचीच अट आहे. भाषांतर करणाऱ्याला तो अचूकपणाच्या बदल्यात सोडता येत नाही.

स्पॅनिशमध्ये हे काम कसं होतं ते एका छोट्या उताऱ्यावर पाहू. समजा, व्यायामाचं एक अ‍ॅप आहे आणि त्याच्या इंग्रजी सूचनेत अशा अर्थाची दोन वाक्यं आहेत: “आम्ही तुमची माहिती आमच्या सेवा पुरवठादारांना आणि भागीदारांना त्यांच्या धोरणांनुसार देऊ शकतो. तुम्ही केव्हाही यातून बाहेर पडू शकता.” कंपनीला ही सूचना स्पेन आणि मेक्सिको अशा दोन्ही ठिकाणी वापरायची आहे, आणि एकच स्पॅनिश मजकूर पुरेल अशी तिची समजूत आहे.

तो पुरत नाही. स्पॅनिश वीसेक देशांची भाषा आहे, पण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि कायद्यातले शब्दही वेगळे आहेत. स्पेनमध्ये या कागदाला ‘पोलितिका दे प्रिवासिदाद’ म्हणतात, मेक्सिकोच्या कायद्यात त्याचं नाव ‘आविसो दे प्रिवासिदाद’ आहे. ज्याची माहिती आहे तो माणूस जीडीपीआरच्या स्पॅनिश मजकुरात ‘इन्तेरेसादो’, तर मेक्सिकोत ‘तितुलार’. माहिती काढून टाकायला लावण्याचा हक्क स्पेनमध्ये ‘सुप्रेसिओन’, मेक्सिकोत ‘कान्सेलासिओन’. हे फरक नजरेला लगेच दिसतात, म्हणून त्यांचा फारसा धोका नाही. खरा धोका दोन्हीकडे सारख्याच दिसणाऱ्या शब्दांत असतो.

आपल्या उताऱ्यात माहिती ‘देण्याची’ गोष्ट आहे. तिच्यासाठी भाषांतरकाराच्या हाताशी पहिला येणारा शब्द म्हणजे ‘त्रान्सफेरेन्सिआ’. मेक्सिकोच्या नियमांत त्याचा अर्थ अगदी ठरलेला आहे: कंपनी आणि तिच्यासाठी काम करणारा कंत्राटदार यांच्याबाहेरच्या कुणा तिसऱ्याला माहिती देणं, मग तो देशातला असो वा परदेशातला. ते सूचनेत सांगावं लागतं आणि, काही अपवाद सोडले, तर माणसाची संमतीही लागते. पण कंपनीनं आपल्याच कंत्राटदाराकडे, उदाहरणार्थ सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे, माहिती पाठवली तर त्याला वेगळा शब्द आहे, ‘रेमिसिओन’, आणि त्यासाठी वेगळी संमती लागत नाही. जीडीपीआरमध्ये मात्र ‘त्रान्सफेरेन्सिआ’ म्हटलं की माहिती युरोपच्या कायदेशीर कक्षेबाहेरच्या देशात जाते आहे असं समजलं जातं, आणि त्यासाठी नियमांचं एक संपूर्ण प्रकरण आहे. इंग्रजी वाक्यातले ‘पुरवठादार’ आणि ‘भागीदार’ एकाच क्रियापदाला जोडून टाकले, तर मेक्सिकोचा वाचक समजेल की सर्व्हरवाल्यालाही आपली माहिती परकी म्हणून दिली जाते, आणि स्पेनचा वाचक समजेल की ती अटलांटिकपार चालली आहे. शब्दकोशाच्या हिशेबानं दोन्ही भाषांतरं बरोबर असतील, सूचना म्हणून दोन्ही खोटी ठरतील.

म्हणून जाणकार माणूस शब्दकोशापासून सुरुवात करत नाही. युरोपसाठी तो जीडीपीआरचा इंग्रजी आणि स्पॅनिश मजकूर शेजारीशेजारी उघडतो. युरोपीय संघाच्या कायद्याचा स्पॅनिश मजकूर इंग्रजीइतकाच अधिकृत असतो. त्यामुळे इथं नवा शब्द घडवायची गरज नसते, कायद्यातला शब्द तसाच उचलायचा असतो. मेक्सिकोसाठी तो तिथला कायदा मुळातूनच वाचतो. त्यातून वीसतीस शब्दांची यादी तयार होते आणि ती पुढं हलत नाही. मराठी शाळेत एकच शब्द पुन्हापुन्हा वापरणं हा निबंधाचा दोष मानतात, स्पॅनिश शाळेतही तसंच शिकवतात. इथं ती सवय घातक ठरते. माहितीवर नियंत्रण असणाऱ्या कंपनीला पहिल्या परिच्छेदात ‘रेस्पोन्साब्ले’ आणि चौथ्यात दुसरं काही म्हटलं, तर वकील विचारणारच, हे दोघे वेगळे आहेत का?

यानंतर येतो ‘देऊ शकतो’. इंग्रजीतल्या या छोट्या सहायक क्रियापदात दोन अर्थ दडलेले असतात: आम्हाला तसा अधिकार आहे, किंवा तसं कधी घडण्याची शक्यता आहे. स्पॅनिशमध्ये अधिकारासाठी ‘पोदेमोस’ आणि शक्यतेसाठी ‘एस पोसिब्ले के’ अशी वाट निवडता येते, आणि निवडताना अर्थ ठरतो. मघाच्या मार्गदर्शिकेत ‘शकतो’, ‘कदाचित’, ‘काही’, ‘बऱ्याचदा’ असल्या मोघम शब्दांवर बोट ठेवलेलं आहे. तेव्हा दोन्हींपैकी एक रूप अंदाजानं निवडणं हा मार्ग नाही. कंपनीला प्रश्न पाठवायचा: तुम्ही माहिती खरोखर देता का, कुणाला आणि कशासाठी? उत्तर बहुधा असं येतं, की पुरवठादारांना रोज देतो, जाहिरात भागीदारांना फक्त संमती असेल तरच. मग स्पॅनिशमध्ये ‘शकतो’ उरतच नाही. दोन साधी वर्तमानकाळी वाक्यं होतात, आणि त्यांत मूळ इंग्रजीपेक्षा जास्त सत्य असतं. मला वाटतं, चांगल्या भाषांतरकाराची ओळख त्याच्या भाषेआधी त्याच्या प्रश्नांच्या यादीवरून पटते. पुष्कळदा त्या यादीमुळे मूळ इंग्रजीच दुरुस्त होतं.

तिसरी अडचण स्पॅनिशची खास स्वतःची आहे. ‘सु’ हे एक अक्षर तिथं ‘त्याचं’, ‘तिचं’, ‘त्यांचं’ आणि आदरार्थी ‘तुमचं’, इतक्या सगळ्यांसाठी चालतं. आपल्या उताऱ्यातलं ‘त्यांच्या धोरणांनुसार’ आदरार्थी ‘उस्तेद’च्या शैलीत लिहिलं, की वाक्यात दोन ‘सु’ येतात आणि माहिती कुणाची, धोरण कुणाचं, हे चटकन उमगत नाही. शिवाय स्पॅनिश वाक्यात कर्ता गाळायची मुभा असते. ‘पोद्रा कान्सेलार’ म्हणजे ‘रद्द करता येईल’, पण कुणाला? ग्राहकाला की कंपनीला? यावर जुने वकील ‘सदर वापरकर्ता’, ‘उपरोक्त कंपनी’ अशी नामं पेरत जातात आणि वाक्य जड होतं. दुसरा उपाय सोपा आहे: वाचकाशी ‘तु’नं बोलायचं आणि कंपनीनं स्वतःला ‘आम्ही’ म्हणायचं. ‘तुस दातोस’ म्हणजे निःसंशय वाचकाची माहिती, मग ‘सु’ फक्त तिसऱ्यासाठी मोकळा राहतो. स्पेनमध्ये अ‍ॅपनं ‘तु’ म्हटल्याचं कुणाला वावगं वाटत नाही. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या सूचनेत मात्र ‘उस्तेद’ ठेवावं लागतं, तिथं नामं परत आणण्याला पर्याय नसतो. मराठीत ‘आपली माहिती’ लिहिताना हीच अडचण उभी राहते, कारण ‘आपण’मध्ये तुम्हीही असता आणि आम्हीही. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत सूचना मिळण्याचा पर्याय दिला आहे, त्यामुळे हा प्रश्न मराठीतही सोडवावा लागेल.

उताऱ्यातलं शेवटचं वाक्य वरवर निरुपद्रवी आहे: ‘यातून बाहेर पडू शकता’. इंग्रजीत त्यासाठी एकच सैल शब्दप्रयोग चालतो. जीडीपीआरमध्ये मात्र दोन निरनिराळे हक्क आहेत. माहितीचा वापर संमतीवर आधारलेला असेल तर ती मागे घ्यायची, ‘रेतिरार’, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. वापर कंपनीच्या ‘न्याय्य हिताच्या’ आधारावर असेल तर त्याला हरकत घ्यायची, ‘ओपोनेर्से’. हरकत आल्यावर कंपनीला आपली सबळ कारणं दाखवून वापर चालू ठेवता येतो, पण थेट जाहिरातीसाठी वापर असेल तर तिला थांबावंच लागतं. आपल्या अ‍ॅपनं जाहिरातीचा आधार संमती असल्याचं कळवलं आहे, म्हणून इथं ‘रेतिरार’. जर इथं ‘ओपोनेर्से’ लिहिलं असतं, तर वाचकानं कधी संमती दिलीच नव्हती असा अर्थ निघाला असता.

आता वाचनसुलभता. स्पॅनिश कायद्याच्या भाषेला लांब वाक्यांचा, एकात एक अडकवलेल्या उपवाक्यांचा आणि बोलण्यातून केव्हाच गेलेल्या क्रियापदरूपांचा सोस आहे. ते सगळं काढता येतं आणि कायदेशीर अर्थाला धक्का लागत नाही. कायद्याचे शब्द तसेच ठेवायचे, त्यांच्याभोवतीचं वाक्य हलकं करायचं आणि अवघड शब्द पहिल्यांदा आला की लगेच एका ओळीत उलगडायचा: “रेस्पोन्साब्ले, म्हणजे तुमची माहिती का आणि कशी वापरायची हे ठरवणारी कंपनी.” ‘एन्कार्गादो’ला अशी ओळ हवीच, कारण रोजच्या स्पॅनिशमध्ये तो दुकानातला व्यवस्थापक असतो. स्पेनचा 2018 चा कायदा थरांनी माहिती द्यायलाही परवानगी देतो. पहिल्या थरात कंपनीची ओळख, माहिती वापरण्याचा हेतू आणि हक्क कसे बजावायचे एवढं, बाकीचं एका टिचकीवर.

काही कंपन्या सुलभतेचा पुरावा म्हणून आकडा मागतात. 1959 साली फेर्नान्देस उएर्ता यांनी फ्लेशचं वाचनसूत्र स्पॅनिशसाठी बेतून दिलं, ते अजूनही वापरात आहे. ते वाक्याची लांबी आणि शब्दातली अक्षरं मोजतं. त्यामुळे ‘कोन्सेन्तिमिएन्तो’ आणि ‘त्रातामिएन्तो’ यांसारखे जे शब्द बदलायचेच नाहीत, त्यांच्यामुळेच गुण घटतात. गुण वाढवायला कुणी संमतीऐवजी एखादा आखूड, मोघम शब्द घातला तर आकडा सुधारतो आणि सूचना बिघडते. त्यापेक्षा चारपाच स्पॅनिशभाषक माणसांना मजकूर देऊन विचारावं: तुमची माहिती कुणाकडे जाते, थांबवायची असेल तर काय कराल, तक्रार कुठं कराल? उत्तर शोधताना वाचक जिथं मागे जाऊन पुन्हा वाचतो, ते वाक्य पुन्हा लिहायचं.

‘मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ असं एक वाक्य तळाशी घालून निर्धास्त होणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. ग्राहक करारांत त्यावर विसंबणं चूक आहे. युरोपीय कायद्यानुसार करारातल्या कलमाचा अर्थ संदिग्ध असेल तर ग्राहकाला अनुकूल अर्थ धरला जातो. कॅलिफोर्नियातही असा नियम आहे, की ठरावीक प्रकारच्या व्यवहारांची बोलणी मुख्यतः स्पॅनिशमध्ये झाली असतील तर सही आधी कराराचं स्पॅनिश भाषांतर हातात द्यावं लागतं, नाहीतर ग्राहक करार रद्द करू शकतो.

काम एकदा संपलं तरी इंग्रजी सूचना पुढं बदलत राहते. भाषांतरकाराकडे सगळा मजकूर न येता फक्त बदललेल्या तीनचार ओळी येतात, तेव्हा कधी काम दुसऱ्याच माणसाकडे गेलेलं असतं. तो ‘रेमिसिओन’च्या जागी ‘त्रान्सफेरेन्सिआ’ लिहितो आणि मजकूर आतून फाटतो. शब्दयादी आणि कंपनीनं दिलेली उत्तरं प्रत्येक बदलासोबत पाठवली, आणि स्पॅनिश पानावरची अद्ययावत केल्याची तारीख इंग्रजीशी जुळते का हे तपासलं, तर ही फाटाफूट प्रकाशनाआधीच दिसते.