निकट-क्षेत्र व दूर-क्षेत्र विवर्तन

एखाद्या छिद्रातून किंवा फटीतून गेलेल्या प्रकाशाचे पडद्यावर जे विवर्तन-चित्र उमटते, त्याचे निकट-क्षेत्र (फ्रेनेल) विवर्तन आणि दूर-क्षेत्र (फ्राउनहोफर) विवर्तन असे दोन प्रकार मानले जातात. पडदा ‘जवळ’ आहे की ‘दूर’, हे केवळ पडद्याच्या अंतरावरून ठरत नाही. छिद्राचा आकार, प्रकाशाची तरंगलांबी आणि पडद्याचे अंतर या तिन्ही राशी एकत्र विचारात घ्याव्या लागतात.

## फ्रेनेल अंक

छिद्राच्या मध्यापासून पडद्याच्या मध्यापर्यंतचे अंतर L आणि छिद्राची त्रिज्या a मानू. फटीच्या बाबतीत a म्हणजे तिची निम्मी रुंदी. छिद्राच्या कडेपासून पडद्याच्या मध्याकडे येणाऱ्या तरंगाला मध्यातून येणाऱ्या तरंगापेक्षा सुमारे a²/(2L) इतके जास्त अंतर कापावे लागते. हे पथांतर अर्ध्या तरंगलांबीच्या किती पट आहे, हे सांगणारी संख्या म्हणजे फ्रेनेल अंक होय:

F = a² / (λL)

F हा १ पेक्षा खूप लहान असेल, तर कडेच्या आणि मध्याच्या तरंगांतील हे पथांतर नगण्य ठरते व दूर-क्षेत्राची सोपी सूत्रे लागू पडतात. F चे मूल्य ०.१ असताना या पथांतरामुळे पडणारा कलांतराचा फरक १८ अंश असतो. साधारण कामासाठी ही मर्यादा पुरेशी मानता येते. F हा १ च्या आसपास किंवा त्याहून मोठा असेल, तर प्रश्न निकट-क्षेत्राचा समजावा.

## उदाहरण

हेलियम-निऑन लेसरचा ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीचा समांतर प्रकाश ०.२ मिलिमीटर रुंदीच्या फटीवर पडत आहे आणि पडदा २ मीटर अंतरावर आहे. येथे a = ०.१ मिलिमीटर असल्याने F सुमारे ०.००८ येतो. हे निःसंशय दूर-क्षेत्र आहे. मधल्या तेजस्वी पट्ट्याची रुंदी 2λL/b या सूत्राने (b म्हणजे फटीची पूर्ण रुंदी) सुमारे १२.७ मिलिमीटर, म्हणजे फटीच्या सुमारे ६३ पट येते.

आता पडदा तेथेच ठेवून फट २ मिलिमीटर रुंद केली, तर a दहापट आणि F शंभरपट होतो. F सुमारे ०.८ येतो. तेच सूत्र वापरल्यास पट्ट्याची रुंदी १.२७ मिलिमीटर, म्हणजे खुद्द फटीपेक्षाही कमी येते. सूत्र चुकीच्या जागी वापरल्याची ही खूण आहे. त्या सूत्रानुसार मध्यापासून ०.६३ मिलिमीटरवर पूर्ण अंधार असायला हवा. फ्रेनेलच्या पद्धतीने गणित केल्यास मात्र तेथे मध्याच्या सुमारे एक-तृतीयांश तीव्रता आढळते.

विद्यार्थ्यांची नेहमीची गफलत म्हणजे a च्या जागी पूर्ण रुंदी किंवा व्यास घेणे. त्यामुळे F चौपट येतो. काही पुस्तकांत मुळातच पूर्ण रुंदी धरून व्याख्या दिलेली असते, म्हणून सूत्रातील राशीचा अर्थ आधी पाहावा.

## प्रयोगातील ओळख

पडदा मागे सरकवत गेल्यास दूर-क्षेत्रातील चित्राचा आकार तोच राहतो व ते अंतराच्या प्रमाणात फक्त मोठे होते. निकट-क्षेत्रात चित्राचे स्वरूपच बदलते. १ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाकार छिद्रासाठी वरील लेसर वापरल्यास पडदा १.५८ मीटरवर असताना F = १ असतो आणि चित्राचा मध्य तेजस्वी दिसतो. पडदा ०.७९ मीटरवर आणल्यास F = २ होतो व मध्यभागी काळा ठिपका येतो. दूर-क्षेत्रात अशा छिद्राचा मध्य कधीही काळा होत नाही.

वरील सूत्र समांतर प्रकाशासाठी आहे. प्रकाशाचा बिंदुस्रोत छिद्रापासून R अंतरावर असेल, तर 1/L ऐवजी 1/R + 1/L घ्यावे लागते. म्हणजे पडदा कितीही दूर नेला, तरी जवळच्या स्रोतामुळे प्रश्न निकट-क्षेत्राचाच राहू शकतो. छिद्रामागे बहिर्गोल भिंग ठेवल्यास मात्र समांतर प्रकाशाचे दूर-क्षेत्र चित्र भिंगाच्या नाभीप्रतलातच मिळते. त्यामुळे प्रयोगशाळेत लांब अंतराची गरज उरत नाही.

## रेडिओ तरंग

अँटेनांसाठी दूर-क्षेत्राची सीमा सामान्यतः 2D²/λ अशी मानतात. येथे D हा व्यास आहे. D = 2a घेतल्यास ही अट F = १/८ हीच ठरते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या प्रत्येक अँटेनाचा व्यास ४५ मीटर आहे. २१ सेंटिमीटर तरंगलांबीसाठी तिचे दूर-क्षेत्र सुमारे १९ किलोमीटरपासून सुरू होते. त्यामुळे जवळच्या टेकडीवर प्रेषक ठेवून तिची दूर-क्षेत्रातील ग्रहणक्षमता थेट मोजता येत नाही. आकाशातील रेडिओ स्रोत मात्र या सीमेच्या कितीतरी पलीकडे असतात.