पडद्यामागचे सूर, भाग ६ : अल्बममध्ये नसलेली धून

गाण्याचे चार शब्द आठवत असले की ते शोधणं सोपं, हे गेल्या भागात पाहिलं. खरी पंचाईत होते ती शब्दच नसलेल्या संगीताची.

डेनी व्हिलनव्हचा ‘अरायव्हल’ (२०१६) पाहा. सुरुवातीला आई आणि मुलीच्या दृश्यांमागे तंतुवाद्यांची एक संथ, थरावर थर चढत जाणारी धून आहे. संगीतकार योहान योहानसन, म्हणून प्रेक्षक चित्रपटाचा अल्बम शेवटपर्यंत ऐकतो. पण धून त्यात नाहीच. ती मॅक्स रिश्टरची ‘ऑन द नेचर ऑफ डेलाइट’, २००४च्या ‘द ब्लू नोटबुक्स’मधली. चित्रपटाच्या अल्बममध्ये बहुधा त्याच्यासाठी रचलेलं संगीत असतं, बाहेरून घेतलेलं अनेकदा गळतं. या उसन्या संगीतापायी योहानसनचं काम ऑस्करच्या स्पर्धेतूनही बाद ठरलं.

मग हातात येतं शझाम. त्यामागची पद्धत एव्हरी वांग यांनी २००३मध्ये मांडली. आवाजातले ठळक कंपनबिंदू निवडायचे, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीतल्या दोन कंपनसंख्या व मधलं वेळेचं अंतर साठ्यातल्या नोंदींशी ताडायचं. म्हणजे इथे ओळखलं जातं ते ध्वनिमुद्रण, चाल नव्हे. तीच धून कुणी घरी व्हायोलिनवर वाजवली, तर शझाम गप्प बसतं. संवादांमुळेही बिंदू झाकले जातात, त्यामुळे कुणी बोलत नसलेला तुकडा निवडावा.

रीलमध्ये आणखी एक घोळ असतो. संगीत सव्वापट वेगाने पळवलं की सूर जवळजवळ चार अर्धस्वर चढतो; काळी एकमधली धून पांढरी चारमध्ये जाते. कंपनसंख्याही बदलल्या, अंतरंही आखडली, आता जोड्या जुळणार कशा? ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा उघडून ‘Change Speed and Pitch’मध्ये गुणक ०.८ ठेवला की मूळ वेग परत येतो. नेमका वेग ठाऊक नसेल, तर रीलमध्ये माणसाचा आवाज शोधावा. तो किनरा वाटेनासा होईपर्यंत गुणक थोडाथोडा उतरवायचा. आवाज मुळात नैसर्गिक असेल आणि फक्त लय धावत असेल, तर सूर न हलवता लय बदललेली आहे. तिथे ‘Change Tempo’ वापरावं लागतं.

गूगलवर धून गुणगुणूनही शोधता येते. तिथे चालीचा आकार पाहिला जातो, त्यामुळे सूर किंवा वेग बदलला तरी फार अडत नाही. रिश्टरच्या या रचनेत मात्र गुणगुणण्याजोगं थोडंच. तिची सगळी जादू एकमेकांत मिसळणाऱ्या स्वरांत.

कधी उत्तरं दोन येतात. याच तंतुवाद्यांवर एका बाईंचा आवाज ऐकू आला, तर शझाम एकदा रिश्टरचं नाव सांगेल, एकदा डायना वॉशिंग्टनच्या १९६०च्या ‘धिस बिटर अर्थ’चं. दोन्ही बरोबर. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘शटर आयलंड’च्या (२०१०) अखेरच्या नामावलीवर या दोन्ही रचना एकमेकींवर चढवल्या आहेत आणि हे मिश्रण त्या चित्रपटाच्या अल्बममध्ये आहे.