स्टोव्हची पिन

आत्याच्या स्वयंपाकघरातला जुना खण आवरताना पत्र्याची एक पातळ पट्टी हाती लागते. लांबी वीतभरापेक्षा कमी, रुंदी करंगळीच्या नखाएवढी. एका टोकाला पत्रा दुमडून त्यात बारीक तार पकडलेली असते. ही तार पट्टीच्या रेषेत नसते, तर काटकोनात बाहेर आलेली असते आणि जेमतेम सेंटिमीटरभर लांब असते. काही पट्ट्यांवर कुठल्यातरी डब्याची अर्धवट छपाईही दिसते, कारण त्या भंगारातल्या पत्र्यापासून कापलेल्या असत. तिशीच्या आतल्या माणसाला ही वस्तू कशाची, हे सहसा सांगता येत नाही. सुई ओवायचे साधन म्हणावे, तर त्याच्या तारेला चौकटीसारखा फासा असतो, तो इथे नाही. दात कोरायला तार फारच बारीक आहे. मिठाच्या डबीची भोके मोकळी करायला कुणी तार अशी काटकोनात वळवणार नाही.

ही स्टोव्हची पिन आहे. तिचा काटकोन समजायचा तर आधी पंपाचा स्टोव्ह समजून घ्यावा लागतो.

वातीच्या स्टोव्हमध्ये रॉकेल वातीतून वर चढते आणि तिथेच जळते. पंपाच्या स्टोव्हला वात नसते. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने 1892 च्या सुमारास हा स्टोव्ह तयार केला आणि प्रायमस या नावाने तो जगभर गेला. आपल्याकडे तर कुठल्याही कारखान्याच्या अशा स्टोव्हला प्रायमसच म्हणत. खाली पितळी टाकी, टाकीच्या कडेला पंप, वर बर्नर आणि तीन पायांवर भांडे ठेवायची कडी, एवढाच त्याचा पसारा. पंप मारला की टाकीतली हवा दाबली जाते आणि ती रॉकेलला नळीतून बर्नरमध्ये ढकलते. बर्नर आधीच तापलेला असेल तर रॉकेलची तिथे वाफ होते. म्हणूनच पेटवताना बर्नरभोवतीच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवत किंवा रॉकेलात बुडवलेला काकडा लावत. बर्नर नीट तापायच्या आधी पंप मारला तर वाफेऐवजी रॉकेलच उसळून वर येई आणि पिवळा भडका उडे.

ही वाफ बाहेर पडते ती निपलमधून. बर्नरच्या मधोमध आटे पाडून बसवलेली ही छोटी पितळी गुंडी असते. तिच्या माथ्यावरचे छिद्र मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे चार-पाच केस एकत्र धरले तर होईल एवढेच. छिद्र इतके लहान असल्यामुळे वाफ जोराने सुटते, जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते आणि वरच्या लोखंडी तबकडीवर आपटून चहूबाजूंना पसरते. तिथे निळी ज्योत लागते. स्टोव्हचा तो भर्र आवाज या जोरामुळेच होतो. तापलेल्या बर्नरमध्ये मात्र रॉकेलची नुसती वाफ होत नाही, थोडेसे रॉकेल करपते आणि काजळीचे कण मागे उरतात. रॉकेलात कचरा असला तर तोही वर येतो. एवढ्याशा छिद्राला एक कण पुरतो.

छिद्र तुंबू लागले की आधी आवाज बसतो. मग ज्योत एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड होते, आणि पाच मिनिटांत उकळणारा चहा पंधरा मिनिटे झाली तरी नुसता कोमट राहतो. अशा वेळी पुन्हा पंप मारून भागत नाही, कारण दाब कमी पडलेला नसतो, वाट बंद झालेली असते. हा फरक ओळखणे हेच खरे कसब. पंप मारताच आवाज क्षणभर वाढून पुन्हा बसला तर रोग निपलचा. पंपाचा दांडा काहीच जोर न लागता आत जात असेल तर त्याचे चामड्याचे वायसर सुकलेले असते आणि दोन थेंब तेलाने ते ताळ्यावर येते.

आता काटकोनाचा उलगडा होतो. निपलच्या बरोबर वर तबकडी असते, त्यामुळे सरळ सुई वरून घालता येत नाही. जागा आहे ती तबकडी आणि निपल यांच्यामधल्या फटीत, तीही आडवी. म्हणून सपाट पट्टी आडवी सरकवायची आणि तिच्या टोकाची तार खाली वळलेली ठेवायची. पट्टी लांब ठेवली तीही हात ज्योतीपासून दूर राहावा म्हणूनच. भांडे उतरवून, ज्योत चालू असतानाच, तारेचे टोक निपलच्या माथ्यावर अलगद फिरवायचे. छिद्र सापडले की तार किंचित आत जाते आणि ज्योत बारीक होते. एक-दोनदा सरळ वर-खाली केले आणि पिन काढली की भर्र आवाज परत येतो. ज्योत विझलीच तर न जळलेली वाफ पांढऱ्या धुरासारखी सुटते. तेव्हा लगेच काडी ओढण्यापेक्षा टाकीच्या झाकणाजवळचा हवेचा स्क्रू सैल करून दाब उतरवणे शहाणपणाचे.

या साध्या कामातही दोन चुका नेहमीच्या. पिन आत घालून फिरवली तर तार तुटते आणि तिचा तुकडा छिद्रातच अडकतो. म्हणजे काजळीच्या जागी पोलाद. दुसरी चूक जाड तारेची. पिन सापडली नाही की शिवणाची सुई वापरायची सवय घराघरांत होती. पितळ मऊ असल्याने छिद्र रुंद होते, हवेच्या मानाने वाफ जास्त सुटते आणि ज्योत पिवळी पडून भांड्यांची बुडे काळी होतात. अशा निपलला इलाज नाही. ते नळीसारख्या लांब पान्याने फिरवून काढायचे आणि नवे बसवायचे. पिनेचे कामही कायमचे नसते: ती कण वरून खाली ढकलते, तो आतच राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तोंडाशी येतो. रोज पिन मारावी लागत असेल तर स्टोव्ह थंड करून, दाब उतरवून, निपल काढून खालच्या बाजूने फुंकावे लागे.

खणात शेजारी कागदाच्या पुडीत बारीक पितळी गुंड्या, चामड्याची गोल वाटी किंवा असा लांब पाना मिळाला तर ओळख पक्की झाली. गॅसबत्तीसाठी ही पट्टी कधी लागली नाही. पेट्रोमॅक्सच्या बत्तीत सुई आतच बसवलेली असते आणि बाहेरचा दांडा फिरवला की ती छिद्र साफ करते. पुढे काही स्टोव्हमध्येही अशी आतली सुई आली, पण पत्र्याच्या पिना इतक्या स्वस्त होत्या की त्या टिकून राहिल्या. आजच्या गॅसच्या शेगडीला ही पिन उपयोगाची नाही. तिच्या जेटचे छिद्र मोठे असते, तार त्यात सैल फिरते आणि कडेची घाण तशीच राहते.

सापडलेली पिन वापरलेली की कोरी, हेही पाहता येते. कोऱ्या पिनेची तार सरळ आणि एका रंगाची असते. वापरलेलीची शेवटची दोन-तीन मिलिमीटर काळी पडलेली आणि किंचित वाकलेली दिसतात.